बिल चूक वाटतं म्हणून भरायचंच नाही?

«आम्ही इंदूरला रामबागेत, सासऱ्यांच्या जुन्या घरात राहतो. वीज कनेक्शन त्यांच्याच नावावर आहे. एरवी बिल सतराशेच्या आसपास यायचं. मार्चमध्ये मीटर बदलून स्मार्ट मीटर लावलं आणि लगेचचं बिल आलं ९,४०० रुपयांचं. यजमान म्हणाले, बिल चूक आहे, दुरुस्त होईपर्यंत एक पैसा भरायचा नाही. भरलं की मान्य केल्यासारखं होतं. त्यानंतरची चार बिलंही भरली नाहीत, ती अडीच-अडीच हजारांची आहेत. आता २०,०६८ रुपयांचं बिल हातात आहे आणि शेवटची तारीख चार दिवसांवर आलीय. दर महिन्याला अधिभार लागतोय, त्या अधिभारावर पुन्हा अधिभार. मला रात्री झोप लागत नाही. जाऊबाई म्हणतात, लोक अदालतीत सगळा अधिभार माफ होतो, तोवर थांबा. सासरे म्हणतात, दागिना मोडा पण थकबाकी नको. कुणाचं ऐकू?»

ताई, दागिना मोडू नका. लोक अदालतीसाठीही थांबू नका. यजमानांचा निम्मा मुद्दा बरोबर आहे, पण त्यातून त्यांनी काढलेला मार्ग महागात पडतोय. ते कसं, हे आकड्यांवरून पाहू. तुमच्या भीतीचा बराच भाग आकडे न मांडल्यामुळे वाढला आहे, असं पत्र वाचताना मला वाटलं.

आधी अधिभाराचं बघू. मध्य प्रदेशात घरगुती विजेचे दर आणि अटी राज्य विद्युत नियामक आयोगाच्या टॅरिफ ऑर्डरमध्ये ठरतात. उशिरा भरण्याच्या अधिभाराचा नियमही त्यातच असतो. दर आहे महिन्याला सव्वा टक्का, आणि तो थकबाकीसकट जेवढी रक्कम उभी असेल तेवढ्यावर. ऑर्डर दर वर्षी नवी निघते, म्हणून ज्या वर्षाचं बिल त्या वर्षाची ऑर्डर बघायची. ती आयोगाच्या वेबसाइटवर मिळते. याच नियमात एक छोटं वाक्य आहे आणि बहुतेकांचं नुकसान त्यापायी होतं: महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरला जातो. म्हणजे शेवटच्या तारखेनंतर एका दिवसाने भरलं काय नि पंचविसाव्या दिवशी भरलं काय, अधिभार तेवढाच. पण तारखेच्या आदल्या दिवशी भरलं तर शून्य. तुमच्या हातात अजून चार दिवस आहेत. पूर्ण रक्कम उभी राहिली तर या चार दिवसांची किंमत अडीचशे रुपये आहे. म्हणून हे सदर वाचून झाल्यावर पहिलं काम आज-उद्याच करायचं आहे. ते कोणतं, ते पुढे सांगते.

तुमचा हिशेब मी कागदावर मांडला. पहिलं बिल ९,४०० चं. त्याची तारीख उलटली तेव्हा सव्वा टक्क्याने ११७ रुपये ५० पैसे लागले. पुढचं अडीच हजारांचं बिल त्यात मिळाल्यावर आकडा झाला १२,०१७.५०. तोही उभाच राहिला, त्यावर १५० रुपये. मग १८३, मग २१७. असे चार वेळा मिळून अधिभार झाला ६६८ रुपये. मूळ बिलं आहेत १९,४०० रुपयांची. दोन्ही मिळून होतात २०,०६८, म्हणजे तुमच्या हातातलं बिल. या वेळचीही तारीख चुकली तर आणखी २५१ रुपये लागतील आणि एकूण अधिभार ९१९ होईल.

आता ज्या गोष्टीने तुमची झोप उडाली आहे, तो अधिभारावरचा अधिभार. तो वेगळा काढून बघितला. अधिभार फक्त मूळ बिलांवर लागला असता, तर पाच वेळा मिळून बरोबर ९०० रुपये झाले असते. प्रत्यक्षात ९१९ होतील. फरक एकोणीस रुपयांचा. वर्षानुवर्षं थकवलं तर हा फरक वाढत जातो हे खरं, पण पाच महिन्यांच्या थकबाकीत तो नगण्य आहे. सव्वा टक्का महिन्याला म्हणजे सरळ हिशेबाने वर्षाला पंधरा टक्के आणि अधिभारावर अधिभार धरून सोळाच्या थोडे वर. हा दर स्वस्त नाही. बँकेतल्या ठेवीवर मिळतं त्याच्या दुपटीहून जास्त आहे, तेव्हा घरात एखादी छोटी एफडी पडून असेल तर ती मोडून बिल भरणं फायद्याचं. पण क्रेडिट कार्डाने भरून कार्डाचे पैसे थकवू नका. तिथे महिन्याला तीन टक्क्यांहून जास्त व्याज लागतं, म्हणजे एका खड्ड्यातून निघून मोठ्यात पडल्यासारखं होईल.

तेव्हा या प्रकरणातला मोठा आकडा अधिभाराचा नाहीच. मोठे आकडे दोन आहेत. एक, पहिल्या बिलातले वादाचे ७,७०० रुपये, म्हणजे ९,४०० वजा नेहमीचे सतराशे. दुसरा, ज्यांच्याबद्दल काहीच वाद नाही तरी जे भरले गेले नाहीत असे ११,७०० रुपये: पहिल्या बिलातले नेहमीचे सतराशे आणि नंतरच्या चार बिलांचे दहा हजार. वाद एका बिलाचा होता आणि थांबली पाच बिलं. यजमानांना मला इथेच थांबवावंसं वाटतं.

भरलं की मान्य केलं, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. कायदा मात्र तसं म्हणत नाही. विद्युत अधिनियम २००३ मध्ये ५६ वं कलम आहे. वीज कधी तोडता येते ते त्यात सांगितलं आहे. थकबाकी असेल तर किमान पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस देऊन कंपनी वीज तोडू शकते. पण त्याच कलमात ग्राहकासाठी एक सोय आहे. बिलाबद्दल वाद असेल आणि ग्राहकाने विरोध नोंदवून दोनपैकी कमी असेल ती रक्कम भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत त्या बिलापायी वीज तोडता येत नाही. त्या दोन रकमा अशा: मागितलेली पूर्ण रक्कम, किंवा आधीच्या सहा महिन्यांत भरलेल्या बिलांची सरासरी. तुमच्या बाबतीत ही सरासरी सतराशेच्या आसपास येते. म्हणजे ९,४०० च्या बिलावर सतराशे भरून, सोबत «विरोध नोंदवून भरत आहे» असं लेखी देऊन, तुम्ही उरलेल्या ७,७०० साठी भांडायला मोकळ्या होतात. हक्क कुठेही जात नाही. उलट काहीच न भरणाऱ्या ग्राहकाला हे संरक्षण मिळत नाही. म्हणजे एक पैसा न भरून यजमानांनी जो हक्क राखायचा प्रयत्न केला, तो हक्क खरं तर थोडे पैसे भरून राखता येतो.

हे पहिल्या महिन्यातच केलं असतं आणि पुढची बिलं वेळेवर भरली असती, तर आज अधिभार फक्त ७,७०० वर चढत राहिला असता. चार वेळचे मिळून ३९२ रुपये. आता झालेत ६६८. फरक पावणेतीनशेचा आहे, फार मोठा नाही. पण थकबाकीच्या यादीत वीस हजारांचं नाव असणं आणि आठ हजारांचं वादग्रस्त बिल लेखी तक्रारीसह असणं, यात झोन ऑफिसच्या दृष्टीने मोठा फरक असतो. तोडणीला निघालेला माणूस यादीतला आकडा बघतो, तुमच्या मनातली तक्रार त्याला दिसत नाही. वीज एकदा तोडली की ती पुन्हा जोडायचे पैसे वेगळे लागतात आणि तोडलेल्या काळातही अधिभार चालूच राहतो. तो थांबतो कनेक्शन कायमचं बंद झाल्यावर, आणि राहत्या घरात ते कुणालाच नको असतं.

आता जाऊबाईंच्या सल्ल्याकडे येते. त्या खोटं सांगत नाहीत, पण त्यांच्या डोक्यात बहुधा नगर निगमचा संपत्तिकर आहे. मध्य प्रदेशात गेली काही वर्षं नॅशनल लोक अदालतीच्या दिवशी संपत्तिकराच्या अधिभारात सूट मिळते. कर आणि अधिभार मिळून थकबाकी ५० हजारांपर्यंत असेल तर अधिभार पूर्ण माफ, एक लाखापर्यंत निम्मा, त्यावर पाव. मूळ कर मात्र पूर्ण भरावा लागतो. ज्या वाचकांचा संपत्तिकर थकलेला आहे आणि लोक अदालत जवळ आली आहे, त्यांनी झोन ऑफिसात त्या वेळची सूट विचारून मग भरावं, त्यात शहाणपण आहे. विजेचं तसं नाही. लोक अदालतीत वीज कंपनी जी सूट देते ती मुख्यतः वीजचोरीच्या किंवा अनधिकृत वापराच्या प्रकरणांत. नुसतं घरचं बिल थकलंय, तर ती सूट तुम्हाला लागू नाही.

विजेच्या साध्या थकबाकीसाठी सरकार अधूनमधून वेगळी योजना काढतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये समाधान योजना आली, तीत तीन महिन्यांहून जुन्या थकबाकीवरच्या अधिभारात ६० ते १०० टक्के सूट होती आणि एकरकमी भरणाऱ्याला जास्त. तुम्ही हे पत्र लिहिलंत त्या वेळी अशी एखादी योजना चालू असेल तर झोनमध्ये विचारा आणि जरूर घ्या. पण न आलेल्या योजनेच्या आशेवर थांबण्याचा हिशेब बघा. माफ होणार काय, तर ६६८ रुपये. त्यासाठी १९,४०० रुपये थकवून, दर महिन्याला आणखी अडीच हजार त्यात घालून, तोडणीची टांगती तलवार घेऊन बसायचं. मूळ रक्कम तेव्हाही भरायचीच आहे, आणि तोवर ती एकरकमी भरणं आणखी जड झालेलं असेल. अशा योजना खऱ्या उपयोगी पडतात त्या वर्षानुवर्षं थकलेल्या माणसाला, ज्याच्या बिलात अधिभार हाच मोठा भाग झालेला असतो. तुम्ही त्या अवस्थेत नाही आहात आणि तिथे जायचं कारणही नाही.

आता मुख्य गोष्ट, जी पत्रात कुणीच विचारलेली नाही. ९,४०० चं बिल खरंच चूक आहे का?

मागची सहा-आठ बिलं काढून समोर ठेवा. फक्त दोन रकाने बघा: रीडिंग आणि त्या महिन्याचे युनिट. युनिटांचा आकडा दर महिन्याला तोच किंवा जवळजवळ तोच असेल, उन्हाळ्यात कूलर चालला तरी आणि दिवाळीत पाहुणे आले तरी, तर ती रीडिंगची बिलं नव्हेत. ती सरासरीची बिलं आहेत. जुन्या घरांत मीटर आत, जिन्याखाली किंवा कुलपाआड असतं, रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाला ते दिसत नाही, आणि तो सरासरी टाकून जातो. प्रत्यक्षात वापर जास्त असला तर फरक मीटरच्या आत साठत राहतो. मीटर बदलताना मात्र जुन्याचा शेवटचा आकडा लिहून घ्यावाच लागतो, आणि साठलेले सगळे युनिट एकाच बिलात येऊन पडतात.

तुमच्या पत्रातच याची एक खूण आहे. आधी बिल सतराशेचं यायचं आणि नव्या मीटरवर अडीच हजारांचं येतंय. थोडा फरक उन्हाळ्याचा असेल. पण पाऊस पडून कूलर बंद झाल्यावरही ते तसंच राहिलं असेल, तर खरा वापर आधीपासूनच अडीच हजारांच्या घरातला होता आणि सतराशेचं बिल सरासरीचं होतं, अशी शक्यता मोठी आहे. महिन्याला आठशेचा फरक धरला तर नऊ-दहा महिन्यांत ७,७०० साठतात. आकडा जुळतो. याचा अर्थ ते तसंच झालं असं मी म्हणत नाही. पण यजमानांनी आयुष्यभर आठवत राहावी अशी अन्यायाची गोष्ट समजून ज्याला हात लावलेला नाही, ते बिल कदाचित तुम्हीच वापरलेल्या विजेचं असू शकतं. हे आधी तपासून बघा, म्हणजे भांडण कशासाठी आहे ते कळेल.

तपासायचा कागद म्हणजे मीटर बदलीचा रिपोर्ट. मीटर बदलताना जुन्या मीटरचा नंबर, त्यावरचा शेवटचा आकडा आणि नव्याचा सुरुवातीचा आकडा त्यावर लिहिलेला असतो, घरच्या कुणाची तरी सही असते. कुणी त्या वेळी मोबाइलवर जुन्या मीटरचा फोटो काढला असेल तर शोधा, त्याच्यासारखा पुरावा नाही. रिपोर्ट घरात नसेल तर झोन ऑफिसात लेखी अर्ज करून प्रत मागा.

रिपोर्टवरचा शेवटचा आकडा आणि बिलातला आकडा वेगवेगळे निघाले, एखादा अंक मागेपुढे झाला, किंवा दुसऱ्याच्या मीटरचा नंबर चढला, तर बिल सरळ चूक आहे. ७,७०० पैकी बहुतेक रक्कम उतरेल आणि त्या रकमेवर चढलेला अधिभारही उतरायला हवा.

आकडे जुळले तर युनिट तुमचेच आहेत. तरीही एक मागणी उरते. साठलेले युनिट एका महिन्यात मोजू नयेत, ज्या महिन्यांत ते वापरले गेले त्या महिन्यांत वाटून बिल नव्याने काढावं. कारण आपल्याकडे घरगुती विजेचे दर टप्प्यांचे आहेत: ५० युनिटपर्यंत, मग १५०, मग ३००, मग त्यावर. नऊ महिन्यांचे युनिट एका महिन्यात आले की जवळजवळ सगळे शेवटच्या टप्प्यात जाऊन पडतात. पण खरं सांगायचं तर तुमच्यासारख्या दोनशे-तीनशे युनिट वापरणाऱ्या घराला या वाटणीने फार मोठी सूट मिळणार नाही, कारण वरच्या दोन टप्प्यांच्या दरात युनिटमागे पैशांचाच फरक असतो. काही शे रुपये कमी होतील. मोठा फायदा होतो तो छोट्या घरांना. ज्यांचा वापर महिन्याला १५० युनिटांच्या आत आहे त्यांना अटल गृहज्योती योजनेत पहिले १०० युनिट १०० रुपयांत मिळतात. साठलेल्या युनिटांमुळे एक महिना दीडशेच्या वर गेला की त्या महिन्याची सबसिडी जाते. असं कुणाचं झालं असेल तर त्यांनी ही वाटणीची मागणी अजिबात सोडू नये. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या आजी-आजोबांच्या बिलात हे होताना मी पाहिलं आहे, आणि ते गुपचूप भरून टाकतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता आज-उद्याचं काम. २०,०६८ मधून वादाचे ७,७०० आणि त्यावर आजवर चढलेले ३९२ वजा केले की उरतात ११,९७६. म्हणजे बारा हजार रुपये वादाबाहेरचे आहेत. ते या तारखेच्या आत भरा. मग उभे राहतील ८,०६८ आणि पुढच्या महिन्याचा अधिभार २५१ ऐवजी १०१ रुपये होईल. बारा हजार एकदम जमत नसतील तर जमतील तेवढे भरा. अधिभार उभ्या रकमेवर आहे, त्यामुळे कमी केलेल्या दर हजारामागे महिन्याचे साडेबारा रुपये वाचतात. घरातली शिल्लक, एफडी, यजमानांचा पगार, काहीही चालेल. सोनं नको. आठ-बारा हजारांसाठी मोडलेलं सोनं घडणावळीसकट परत करायला किती लागतात, हे सासऱ्यांनाही माहीत असेल.

अर्धवट रक्कम भरायला काउंटरवर किंवा ॲपवर अडचण येऊ शकते, तिथे पूर्ण बिलच घेतात. म्हणून आधी तुमच्या झोनच्या ऑफिसात जा आणि तिथल्या अधिकाऱ्याकडून पार्ट पेमेंटची मंजुरी घ्या. सोबत अर्ज न्या, दोन प्रतींत, आणि एका प्रतीवर आवकचा शिक्का व तारीख घेतल्याशिवाय निघू नका. कनेक्शन सासऱ्यांच्या नावावर आहे, तेव्हा अर्जावर सही त्यांचीच हवी आणि बिलावरचा आयव्हीआरएस नंबर वर लिहायचा. तिथे काम हिंदीत चालतं, म्हणून मजकूर हिंदीतच देते. त्यातली कंसातली जागा तुम्ही भरा:

«मेरे कनेक्शन (आयव्हीआरएस नंबर) पर (माह) का बिल ९,४०० रुपये का आया है, जिस पर मुझे आपत्ति है। विद्युत अधिनियम २००३ की धारा ५६ के अनुसार पिछले छह माह के औसत की राशि तथा बाद के सभी बिलों की पूरी राशि मैं विरोध दर्ज करते हुए जमा कर रहा हूँ। कृपया मीटर बदलने की रिपोर्ट की प्रति दी जाए, बिल की जाँच कर उसे संशोधित किया जाए, और संशोधन में जो राशि कम हो उस पर लगा अधिभार भी हटाया जाए। आपत्ति का निराकरण होने तक इस बिल के कारण बिजली न काटी जाए।»

शेवटून दुसऱ्या वाक्यातला अधिभाराचा तुकडा गाळू नका. बिल दुरुस्त होतं तेव्हा मूळ रक्कम कमी करतात, पण तिच्यापायी चढलेला अधिभार कधीकधी तसाच राहून जातो, कारण तो मागायचं कुणाच्या लक्षात येत नाही. समजा ९,४०० चं बिल ६,८०० झालं. कमी झालेल्या २,६०० वर चार महिन्यांत १३२ रुपये अधिभार चढला होता. तेही उतरले पाहिजेत. आकडा लहान आहे, पण तुमचा आहे.

याच वेळी १९१२ वर किंवा कंपनीच्या ऊर्जस ॲपवर तक्रार नोंदवून तिचा नंबर लिहून ठेवा. नुसत्या फोनच्या तक्रारीवर विसंबू नका, आवकचा शिक्का असलेला कागदच पुढे कामाला येतो. झोनमध्ये काम झालं नाही तर पुढची पायरी विद्युत उपभोक्ता शिकायत निवारण फोरमची. इंदूरला तो पोलोग्राउंडवर कंपनीच्या मुख्यालयाच्या परिसरात आहे. तिथे वकील लागत नाही. सासऱ्यांना जाणं जमत नसेल तर ते यजमानांना लेखी अधिकार देऊ शकतात. फोरमचा निर्णय पटला नाही तर भोपाळला विद्युत लोकपालांकडे जाता येतं. माझ्या मते तुमचं प्रकरण झोनमध्येच मिटेल, मीटर बदलीचा रिपोर्ट समोर आला की दोन्ही बाजूंना बोलायला फार उरत नाही.

आणि रिपोर्टवरून युनिट तुमचेच ठरले, तर वाटणी करून निघालेल्या रकमेचे हप्ते मागा. सात-साडेसात हजारांचे तीन-चार हप्ते देतात, पण विचारावं लागतं आणि ते लिहून घ्यावं लागतं. हप्ता सुरू असताना उरलेल्या रकमेवर अधिभार लागणार की नाही, हे तेव्हाच स्पष्ट विचारा आणि मंजुरीच्या कागदावर येऊ द्या. महिन्याचं चालू बिल मात्र हप्त्यासोबत त्या-त्या तारखेच्या आत भरायचंच. ते चुकलं की हप्त्यांची सवलत जाते.

यजमानांशी बोलताना अधिभाराचे आकडे आधी काढू नका. कलम ५६ ची गोष्ट आधी सांगा. त्यांना वाटतंय की पैसे भरले म्हणजे हार मानली. विरोध नोंदवून भरता येतं हे कळलं की बाकीचं ते स्वतःच करतील असं मला पत्रावरून वाटतं. मागची आठ बिलं काढायचं काम त्यांच्याचकडे द्या. युनिटांचा रकाना त्यांनी स्वतः बघितलेला बरा.

पुढचं बिल आलं की तीन गोष्टी तपासा: भरलेले बारा हजार वजा झालेत का, अधिभार उरलेल्या आठ हजारांवरच लागलाय का, आणि भरल्याची तारीख बरोबर चढली आहे का. शेवटच्या दिवशी संध्याकाळी ऑनलाइन भरलेले पैसे कंपनीच्या खात्यात दुसऱ्या दिवशी दिसतात आणि मग महिनाभराचा अधिभार लागल्याच्या तक्रारी येतात, म्हणून तारखेच्या दोन-तीन दिवस आधी भरायचं आणि पावती पुढचं बिल येईपर्यंत ठेवायची.